ओव्हनच्या मागे ठेवलेला कुकिंग स्प्रेचा कॅन फुगला, कुणाकडे असं झालंय का?

मृदगंधा (एडिसन, न्यू जर्सी)
रविवारची गोष्ट. डोक्यातनं जात नाहीये म्हणून इथे लिहितेय. आमच्याकडे गॅसची रेंज आहे, वर चार बर्नर आणि खाली ओव्हन, इथे अपार्टमेंटमध्ये असते तशीच. अळूवड्या मी हल्ली तळत नाही, कापून ट्रेमध्ये मांडते, वरनं कुकिंग स्प्रे मारते आणि ४२५ फॅरनहाइटला भाजते. त्या दिवशी पाहुणे होते म्हणून तीन ट्रे करायचे होते, ओव्हन तासभर तरी चालू असणार होता. स्प्रे दर ट्रेला लागतो म्हणून कॅन मी बर्नरच्या मागे जी सपाट पट्टी असते ना, तिथे मिठाच्या डबीशेजारी ठेवला. वरचे चारही बर्नर बंद होते हे आधीच सांगते.

दुसरा ट्रे आत असताना मागनं "टक्" असा आवाज आला. आपण लोणच्याच्या बाटलीचं नवीन झाकण उघडताना मधला फुगवटा टक्कन उडतो ना, तसाच, फक्त जोरात. वळून बघितलं तर कॅन एका बाजूला कलला होता आणि डुगडुगत होता. मी काही विचार न करता उचलला, चटका बसला, तसाच सिंकमध्ये टाकला आणि वरनं गार पाणी सोडलं. नंतर बघितलं तर कॅनचा तळ, जो आत दबलेला असतो बशीसारखा, तो बाहेर आलाय. म्हणून उभा राहत नव्हता.

जाळ कुठेच नव्हता हो. ओव्हनचं दार बंद, बर्नर बंद. मग हे झालं कसं? आणि तो फुगलेला कॅन आता बाल्कनीत आहे, त्याचं काय करू?

रानवारा
बापरे. हाताला जास्त लागलं नाही ना?

स्वराली_जी
कुकिंग स्प्रे मी तर कधीच बंद केला. माझा नवाकोरा नॉनस्टिक तवा त्या स्प्रेने खराब झाला, वर पिवळट चिकट थर बसला, घासून निघेना. त्यात लेसिथिन असतं ते तापून चिकटतं म्हणे. त्यापेक्षा तेल भरायची पंपाची बाटली घ्या, अळूवडीला मस्त चालते.

सह्याद्री_७४
काळजी करण्यासारखं काही नाही असं माझं मत. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. असले कॅन ५५ डिग्री सेल्सिअसच्या हिशोबाने तपासलेले असतात आणि त्याच्यावर दीडपट ताकद ठेवलेली असते, म्हणजे ८०-८५ डिग्रीपर्यंत काही होत नाही. लेबलवर १२० फॅरनहाइटच्या वर नेऊ नका असं लिहितात ते वकिलांच्या सल्ल्याने. कॅन फुटायला थेट ज्योत लागावी लागते. तुमच्या कॅनचा तळ आधीपासूनच दबलेला असेल, दुकानातनं येताना पडतात कधीकधी. माझ्याकडे पंधरा वर्षं शेगडीशेजारीच असतो.

मृदगंधा
@रानवारा, दोन बोटांना फोड आलाय, बाकी ठीक.
@स्वरालीताई, तव्याचं बरोबर आहे, पण माझा प्रश्न वेगळा होता.
@सह्याद्री_७४, नाही हो, तळ आधी नीट होता. दहा मिनिटं आधीच मी तो सरळ उभा ठेवला होता आणि आवाज माझ्या कानांनी ऐकलाय.

अंबरनाथकर
मृदगंधाताई, उशिरा वाचलं. मी बावीस वर्षं एरोसोल भरायच्या लाइनवर काढली, डिओ, झुरळांचा स्प्रे, पेंट, सगळं भरलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचं "जाळ नव्हता तर कसं" याचं उत्तर. तुम्ही ज्या पट्टीवर कॅन ठेवला त्याच्या आसपास एक लांबट फट किंवा जाळी दिसेल. ओव्हनमधली गरम हवा तिथनंच बाहेर पडते. ओव्हन म्हणजे बंद पेटी नव्हे, गॅसचा असेल तर जळलेला वायू कुठनंतरी बाहेर जायलाच हवा. तुमच्यासारख्या बऱ्याच रेंजमध्ये ते तोंड मागच्या बाजूला असतं, आणि कॉइलवाल्या कित्येक इलेक्ट्रिक रेंजमध्ये चक्क मागच्या एका कॉइलच्या खाली असतं. म्हणजे वरची शेगडी बंद, हात लावला तर गार, आणि तिथेच ओव्हन चालू असताना सतत गरम झोत. तुमचा कॅन तेवढा वेळ त्या झोतात उभा होता.

आता आतलं. कॅनमध्ये तेल असतं आणि त्याच्यासोबत ब्युटेन, आयसोब्युटेन, प्रोपेन यांचं मिश्रण, म्हणजे आपल्या घरगुती सिलेंडरच्या गॅसचीच भावंडं. ती आत दाबाखाली द्रव होऊन बसलेली असतात, वर थोडी वाफ. आयसोब्युटेन धरून चाला. साध्या खोलीत त्याचा दाब साधारण २ बार, गाडीच्या टायरमध्ये असतो तेवढा. ५० अंशाला तो पावणेसहाच्या आसपास जातो. ८० ला १२ च्या वर. १०० ला १९ च्या आसपास. प्रोपेन जास्त असेल तर प्रत्येक आकडा आणखी चढा. तुलनेला सांगतो, आपला प्रेशर कुकर शिट्टी मारतो तेव्हा आत जेमतेम १ बार असतो.

अमेरिकेतल्या जास्त दाबाच्या मालाच्या कॅनला नियमाने साधारण साडेसोळा बारच्या आत फुटायचं नाही असं बंधन आहे, त्याहून भक्कम प्रकारच्याला साडेअठरा. पण फुटायच्या आधी तो आकार सोडतो. तळाला आत वळलेली बशी मुद्दाम ठेवलेली असते, दाब फार वाढला की ती टक्कन बाहेर उलटते. आम्ही लाइनवर "तळ उलटला" म्हणायचो. तुम्ही ऐकलात तो आवाज तोच. म्हणजे आतला दाब अकरा-बारा बारच्या घरात पोचला होता असं मी धरेन. तिथनं फुटायला फार वाट नव्हती, आणि ओव्हन चालूच होता.

सह्याद्री_७४
पण मी तेच म्हणालो ना, दीडपट मार्जिन असतं.

अंबरनाथकर
असतं, आणि तेवढं तुमचं बरोबर आहे. ५१ डिग्रीला कॅन फुटतो असं मीही म्हणत नाही. आमच्याकडे प्रत्येक कॅन गरम पाण्याच्या टबातनं जायचा, आतला माल ५५ अंशाला जेवढा दाब देईल तेवढा दाब येईपर्यंत, आणि टबात एक बुडबुडा दिसला तरी कॅन बाजूला. पण दीडपट आहे तो दाब, तापमान नव्हे. तुम्ही ५५ ला दीडने गुणून ८२ काढलंत, तिथे गडबड झाली. आणि दाब तापमानाबरोबर सरळ रेषेत चढत नाही, वर जाताना जास्त जास्त उंच पायऱ्या चढतो. वरचेच आकडे बघा, २० ते ५० या तीस अंशांत पावणेचार बार वाढले, ५० ते ८० या पुढच्या तीस अंशांत साडेसहा. शिवाय ते आकडे नुसत्या आयसोब्युटेनचे आहेत, मिश्रणात काय आहे ते बाहेरनं कळत नाही.

पंधरा वर्षं काही झालं नाही म्हणता ते पटतं मला, कारण शेगडीशेजारी म्हणजे फूट-दीड फूट लांब असेल तर बहुतेक वेळा चाळीसच्या आतच राहतो. तुमचा कॅन आणि ताईंचा कॅन यांच्यात फरक जागेचा आहे.

नाशिकची_सून
आमच्याकडे हे तेलाचे स्प्रे फारसे कुणी वापरत नाही पण झुरळांच्या स्प्रेचं सांगते. माझ्या जाऊबाईंकडे ओट्याखाली ट्रॉली आहे, त्यात सिलेंडर आणि त्याच्या बाजूला झुरळाचा स्प्रे. गेल्या पावसाळ्यात ओट्यावर दूध मंद गॅसवर ठेवलेलं आणि ह्या खाली वाकून ट्रॉलीच्या कोपऱ्यात फवारत होत्या, चांगला दहा-पंधरा सेकंद मारला असेल. ट्रॉली लावून उठल्या, आणि मिनिटभराने परत उघडून बघायला गेल्या तर भस्सकन जाळ आला. भुवया आणि पुढचे केस गेले, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. सगळे म्हणत होते सिलेंडर लीक असेल, गॅस एजन्सीचा माणूस येऊन बघून गेला, लीक नव्हता. कॅन फुटलाही नव्हता, जसाच्या तसा. मग पेट कशाने घेतला? जाळ तर वर होता ना, फवारलं खाली.

अंबरनाथकर
कॅन फुटला नाही, कारण ही गोष्ट वेगळी आहे, इथे बाहेर पडलेल्या गॅसने पेट घेतला. ब्युटेन हवेच्या दुप्पट जड, प्रोपेन दीडपट. फवारला की तो वर जात नाही, खाली साचतो, आणि ट्रॉली बंद म्हणजे डबाच झाला. हवेत शंभरात दोन भाग एवढा गॅस झाला तरी पेटायला पुरतो. दार उघडलं, हवा ढवळली गेली, साचलेलं मिश्रण ओट्याच्या कडेवरनं वर बर्नरपर्यंत ओढलं गेलं आणि ज्योत त्याच वाटेने मागे आली. झुरळाच्या कित्येक स्प्रेमध्ये औषध रॉकेलसारख्या द्रावणात असतं, ते वेगळंच. जाऊबाई आता बऱ्या आहेत ना?

नाशिकची_सून
हो आता बऱ्या आहेत, डाग राहिलाय. तुम्ही सांगितलंत ते त्यांना वाचून दाखवते, त्यांच्या मनात अजून सिलेंडरचीच भीती आहे, रात्रीत तीनदा उठून रेग्युलेटर बघतात बिचाऱ्या.

शिकागो_निवासी
मृदगंधा, तुमच्या कॅनच्या तळाला यू आकाराच्या बारीक खाचा आहेत का बघाल? विचारायचं कारण सांगते. २०१९ मध्ये इथे इलिनॉयमध्ये कॉनअॅग्रा कंपनीवर बऱ्याच लोकांनी खटले भरले होते, त्यांच्या पॅम कुकिंग स्प्रेचे कॅन स्वयंपाकघरात पेटले, लोक भाजले म्हणून. त्या कॅनच्या तळाला असे व्हेंट होते, दाब वाढला की खाचा उघडून आतलं बाहेर यावं यासाठी. तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं असं की ते नको तेव्हा उघडतात आणि सगळा गॅस आणि तेल एकदम शेगडीवर ओततात. कंपनीचं म्हणणं होतं की लेबलप्रमाणे वापरलं तर माल सुरक्षित आहे. पण व्हेंटवाले कॅन बनवणं त्यांनी त्याच वर्षी थांबवलं. २०२३ मध्ये एका खटल्यात ज्युरीने ७१ लाख डॉलर द्यायला सांगितले, त्या बाई क्लबच्या किचनमध्ये काम करायच्या, २०१७ मध्ये भाजल्या होत्या. मी तेव्हा रोज बातम्या बघत होते कारण माझ्या कपाटात तसाच मोठा कॅन होता.

मृदगंधा
आत्ता बाल्कनीत जाऊन लांबनंच टॉर्च मारून बघितलं. खाचा नाहीत, साधा गुळगुळीत तळ आहे. कंपनीही वेगळी आहे, नाव लिहीत नाही, कारण चूक मी ठेवलेल्या जागेची होती.

सह्याद्री_७४
व्हेंट तर चांगली गोष्ट आहे की! कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तसा. स्फोट होण्यापेक्षा फुस्स झालेलं बरं.

अंबरनाथकर
यावर आमच्या फॅक्टरीतसुद्धा दोन मतं होती आणि मलाही अजून एका बाजूला ठाम उभं राहता येत नाही. कुकरचा व्हॉल्व्ह उडाला तर वाफ येते, वाफ पेटत नाही. इथे बाहेर येणारी वस्तूच जळणारी. कोठारात आग लागली आणि शेकडो कॅन आहेत, तिथे व्हेंट असेल तर एकेक कॅन बॉम्बसारखा उडण्यापेक्षा बरं असं म्हणता येईल. पण चालू शेगडीपासून फूटभरावर तो उघडला तर? एक वाटी द्रव गॅस बाहेर आला की दोनशेच्या वर वाट्या वाफ होते, क्षणात, आणि त्याच्याबरोबर तेल बारीक तुषार होऊन उडतं. तेलाचा तुषार कढईतल्या तेलासारखा हळू पेटत नाही, भक्कन पेटतो. म्हणून लोकांनी वर्णन केलेलं असतं ना, आगीचा गोळा आला म्हणून, तो हाच.

शिकागो_निवासी
खरंय. म्हणून मला वाटतं तिथे व्हेंट कोणत्या दाबाला उघडतो हा खरा मुद्दा होता.

भटका_जीव
थोडं वेगळं पण ह्याच्यातच बसतं. पवना धरणाजवळ कॅम्पिंगला गेलो होतो, ते ब्रीफकेससारखे पोर्टेबल स्टोव्ह असतात ना, बाजूच्या कप्प्यात २२० ग्रॅमचा गॅसचा कॅन आडवा बसतो, तो. आम्ही बारा जण, म्हणून भला मोठा लोखंडी तवा आणलेला, थालीपीठं एकदम तीन-तीन लावायची म्हणून. तवा एवढा मोठा की त्या कॅनच्या कप्प्यावर पण आला. वारा होता म्हणून आजूबाजूला दगड लावले. पंधरा मिनिटांत खटकन आवाज झाला आणि स्टोव्ह आपोआप बंद पडला. मित्र म्हणाला गॅस संपला, दुसरा कॅन लाव. कप्पा उघडून कॅनला हात लावला तर हात ठेववेना. तो कॅन संपला नव्हता, हलवला तर आत द्रव डचमळत होता. तेव्हा काही समजलं नाही, आता वरचं वाचून अंगावर काटा आला.

अंबरनाथकर
तुमच्या स्टोव्हने तुम्हाला वाचवलं. चांगल्या स्टोव्हमध्ये दाब वाढला की कॅन बाहेर ढकलून गॅस तोडणारी खीळ असते, तो खटका तिचा. स्वस्तातल्या किंवा जुन्या गंजलेल्या स्टोव्हमध्ये ती अडकलेली असते. मोठ्या तव्याखाली उष्णता खाली परतते आणि कप्पा ओव्हन होतो, दगड लावल्याने तर वारा पण बंद झाला. त्या स्टोव्हवर भांडं कॅनच्या कप्प्यावर येता कामा नये, आणि दोन स्टोव्ह शेजारी लावून वर एक मोठं पातेलं तर अजिबात नाही.

सह्याद्री_७४
एक विचारतो, म्हणजे वादासाठी नाही. कॅन जवळजवळ रिकामा असेल तर धोका कमी ना? आत गॅसच थोडा.

अंबरनाथकर
चांगला प्रश्न विचारलात, इथेच बहुतेक जण फसतात. घरच्या सिलेंडरचा विचार करा. शेवटच्या दिवसापर्यंत ज्योत तशीच असते, एकदम संध्याकाळी कधीतरी संपतो. म्हणजे सिलेंडर भरलेला असो की तळाला जरासाच असो, जोपर्यंत आत द्रव आहे तोपर्यंत दाब सारखाच, तो ठरतो तापमानावर. कॅनचंही तेच. उलट रिकामा होत आलेला कॅन लवकर तापतो, कारण तापवायला आत मालच कमी. पेटला तर गोळा लहान होईल हे खरं, पण फुटण्याच्या दृष्टीने तो जास्त घाईचा. आणि स्प्रे बंद पडला म्हणून कॅन रिकामा असंही नाही, कधीकधी नोझल तेलाने चिकटून बंद असते.

ताई, तुमचा किती भरलेला होता?

मृदगंधा
जवळजवळ संपलेला. हलवला तर थोडंसं काहीतरी वाजत होतं. म्हणूनच दर ट्रेला उलटासुलटा करून मारत होते.

रानवारा
पण मग अशा वेळी करायचं काय? समजा माझ्या समोर असा कॅन टक् झाला. उचलू की नको? मी तर ताईंसारखंच केलं असतं.

सह्याद्री_७४
उचलून सरळ फ्रीझरमध्ये टाकायचा, पटकन गार होईल.

अंबरनाथकर
अहो नको, फ्रीजमध्ये अजिबात नको. तळ उलटलेल्या कॅनचा जोड उसवलेला असू शकतो, तिथनं हळूहळू गॅस सुटतो, आणि बंद फ्रीजमध्ये साचला तर आत ठिणगी पडायला थर्मोस्टॅट आहेच.

माझं मत, हात लावायचा नाही. ओव्हनचं बटण कॅनपासून लांब, पुढच्या बाजूला असेल तर जाता जाता बंद करायचं. बटणं मागच्या पट्टीवर असतील, म्हणजे कॅनवरनं हात न्यावा लागत असेल, तर तेही सोडायचं. सगळ्यांना घेऊन खोलीबाहेर, शक्य तर दार ओढून घ्यायचं, आणि घरच्या मेन पॅनलवरनं किंवा बाहेरच्या गॅस व्हॉल्व्हवरनं बंद करायचं. अर्धा तास तरी आत जायचं नाही.

शिकागो_निवासी
इथे थोडी असहमत. आमच्या बिल्डिंगमध्ये आत एक म्हातारे आजोबा व्हीलचेअरवर असतात, "खोलीबाहेर जा" एवढं सोपं नसतं सगळ्यांना. चिमट्याने उचलून सिंकमध्ये पाण्याखाली टाकणं, जे मृदगंधाने हाताने केलं, त्याने दाब उतरला तर खरा. फायरब्रिगेडवाले पण सिलेंडरवर पाणीच मारतात की.

अंबरनाथकर
मारतात, लांबनं, आडोशाने, हेल्मेट घालून. पाण्याने दाब उतरतो हे कबूल, आणि ताईंचा उतरलाही. पण त्या दोन सेकंदांत कॅन तुमच्या छातीशी असतो. चिमट्यात दाबला जाऊन जोड सुटला तर? आजोबा घरात असतील तर मीही कदाचित पाणीच मारलं असतं, पण भांड्याने लांबनं. याला एकच उत्तर आहे असं मी म्हणणार नाही.

गोदाकाठ
आमच्याकडे नागपूरला उन्हात गाडीत डिओ राहतो दिवसभर, त्याचं काय मग?

मृदगंधा
सगळ्यांचे आभार. अंबरनाथकर काकांनी ओव्हनच्या मागच्या फटीचं सांगितल्यावर मला झोप येईना म्हणून आज प्रयोग केला, तो लिहिते.

आमच्या रेंजला खरंच मागच्या पट्टीच्या खाली एक काळी लांब फट आहे. सहा वर्षं तिथे पुसतेय आणि ती कशाची हे कधी विचारलं नाही. टोमॅटो सूपचा एक रिकामा टिनचा डबा घेतला, कॅनच्या जाडीचाच, त्यात काठोकाठ नळाचं पाणी भरलं, मांस शिजलं का बघायचा काडीचा थर्मामीटर असतो तो आत सोडला आणि डबा बरोब्बर त्याच जागी ठेवला. ओव्हन ४२५, बर्नर सगळे बंद. सुरवातीला पाणी २१ सेल्सिअस. वीस मिनिटांनी ४३. चाळीस मिनिटांनी ५८. तासाने ६७. मग परत सगळं गार करून त्याच डब्यात फक्त दोन बोटं पाणी घातलं, तर पंचवीस मिनिटांत ६५ झालं आणि चाळीसला ७८. मग मी बंद केलं, पुढे बघायचं धाडस झालं नाही.

तोच डबा नंतर रेंजच्या उजवीकडे, ओट्यावर, हातभर लांब ठेवला. तासाभरात २१ चा २६ झाला. बस.

अंबरनाथकर
ताई, फार छान केलंत, लाइनवरच्या पोरांना दाखवावं असं. दोन बोटं पाण्याचा आकडा तुमच्या संपत आलेल्या कॅनच्या जवळचा. एकच सुधारणा, पाणी तेल-गॅसपेक्षा सावकाश तापतं, तेव्हा खरा कॅन याच्याही पुढे गेला असणार. ८० धरला तरी माझा बारा बारचा अंदाज बसतो.

सह्याद्री_७४
मी काल घरी बघितलं. आमची रेंज इलेक्ट्रिक आहे, मागच्या डाव्या कॉइलच्या मधोमध खाली भोक आहे आणि ओव्हन लावल्यावर तिथनं गरम हवा येते. आमचा कॅन त्या कॉइलच्या मागेच असायचा. ओव्हन आम्ही वर्षातनं दोनदा वापरतो म्हणून काही झालं नसेल. आता सिंकच्या वरच्या कपाटात ठेवलाय. खाली ओव्हनच्या ड्रॉवरमध्ये बायको फॉइल आणि स्प्रे ठेवायची, तोही काढला. ड्रॉवरमध्ये किती तापतं?

अंबरनाथकर
काही रेंजमध्ये तो ड्रॉवरच ब्रॉयलर असतो, ज्योत तिथेच. बाकीच्यात ब्रँडप्रमाणे बदलतं. ताईंसारखा पाण्याचा डबा ठेवून बघा.

मृदगंधा
त्या फुगलेल्या कॅनचं, टाउनशिपच्या ऑफिसला फोन केला. कचऱ्यात टाकू नका, भोक पाडू नका, दाबू नका म्हणाले, घातक कचरा गोळा करायचा दिवस पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे तेव्हा आणा. मी विचारलं, तळ बाहेर आलाय, गाडीत घालून आणणं बरोबर आहे का, तर बाई म्हणाल्या विचारून सांगते. अजून फोन नाही आला. तोवर बाल्कनीत सावलीत, उघड्यावर, वाळू भरलेल्या कुंडीत उभा ठेवलाय आणि मुलाला बाल्कनी बंद. काका, तिथे राहू दे ना?

अंबरनाथकर
राहू दे. ऊन येत नाही ना तिथे दुपारचं?

मृदगंधा
तीननंतर येतं थोडं. आत्ताच उठून कुंडी दुसऱ्या कोपऱ्यात सरकवते.